किडनीचं इन्फेक्शन: सुई, गोळी आणि सात दिवस मोजायचे कुठून?

नोव्हेंबरात मला उजव्या किडनीचं इन्फेक्शन झालं. सहा दिवस हॉस्पिटलात होते. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त छळलं ते दोन प्रश्नांनी: गोळ्या असताना सुया कशाला, आणि औषध एकूण किती दिवस? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येत होतं. म्हणून झालं तसं, तारखांसकट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. वय ५२, नाशिकला बँकेत नोकरी, आणि ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टन ४० ही गोळी गेली चार वर्षं चालू. ही गोळी लक्षात ठेवा, ती पुढे गोष्टीत येणार आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. लघवीला जळजळ, दर अर्ध्या तासाने जावंसं वाटायचं. दुसऱ्या दिवशी रविवार असल्याने ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सेफिक्झिम २०० ही अँटिबायोटिकची गोळी सकाळ-संध्याकाळ सांगितली. लघवी तपासायची गोष्ट त्यांनी काढली नाही आणि मीही नाही. सोमवारी बँकेत गेले, मंगळवारीही गेले. जळजळ तशीच होती, पण म्हटलं, औषधाला वेळ द्यावा लागतो.

मंगळवारी रात्री साडेदहाला हुडहुडी भरली. दोन ब्लँकेटं आणि वर नवऱ्याची शाल, तरी दात वाजत होते. ताप १०३. पहाटे दोनदा उलटी, आणि त्यातच रात्रीची सेफिक्झिम बाहेर. उजव्या बाजूला बरगडीच्या खाली, पाठीकडे, असं काही दुखत होतं की कूस बदलता येईना. मला वाटलं डेंग्यू. आमच्या गल्लीत दोघांना झाला होता.

बुधवारी सकाळी आठला हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पाठीवर, बरगडी संपते तिथे, मुठीने हलकं ठोकलं आणि मी ओरडले. ‘काकू, हे किडनीचं वाटतंय,’ ते म्हणाले. डेंग्यूची तपासणीही केली, ती निगेटिव्ह आली. बीपी ९६/६०, नाडी ११८. रक्तात पांढऱ्या पेशी १७,८००, आणि किडनीचं काम बिघडलं की वाढतं ते क्रिएटिनिन, जे माझं एरवी ०.८ असतं, ते १.३.

इथे एक गोष्ट सिस्टरांमुळे बरोबर झाली. मी सलाईनसाठी हात पुढे केला होता, इंजेक्शन भरून तयार होतं, आणि त्यांनी सगळं थांबवलं: ‘आधी युरिन द्या, मग औषध.’ अँटिबायोटिकचा डोस गेल्यावर घेतलेल्या लघवीत जंतू वाढतीलच याची खात्री नसते, आणि मग कुठलं औषध चालेल हे कळायचा रस्ताच बंद होतो. स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत. डबी लगेच लॅबला गेली पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये. बाहेर ठेवली तर भलतेच जंतू वाढतात. रक्तात जंतू वाढतात का ते बघायला दोन्ही हातांतून ब्लड कल्चरही घेतलं. त्यानंतर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून सुरू झालं.

मी पहिल्यांदा विचारलं ते तिथेच: ‘गोळ्यांवर घरी नाही का जमणार?’

दुपारी राउंडला आलेल्या फिजिशियन मॅडमनी सरळ उत्तर दिलं. किडनीचं इन्फेक्शन झालेले अनेक जण गोळ्यांवर घरीच बरे होतात. त्यासाठी पोटात गोळी टिकली पाहिजे, बीपी-नाडी ठीक पाहिजे, मूत्रमार्गात खडा वगैरे अडकलेला नसावा, बाई गरोदर नसावी, आणि जी गोळी देणार ती त्या जंतूवर चालेल असा बऱ्यापैकी भरवसा पाहिजे. ‘तुमची गोळी उलटून पडली, बीपी खाली आहे, आणि तीन दिवस सेफिक्झिम घेऊनही आजार वर चढला आहे. आता कुठल्या गोळीवर भरवसा ठेवू?’

मग त्यांनी विचारलं, गेल्या तीन महिन्यांत आणखी कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का? मी नाही म्हणाले. चूक माझी. ऑगस्टमध्ये एका लग्नाहून आल्यावर जुलाब झाले होते आणि मी मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन आणून पाच दिवस खाल्लं होतं. हे मला शुक्रवारी आठवलं. अलीकडे घेतलेल्या औषधाला जंतू दाद न देण्याची शक्यता वाढते, म्हणून तर हा प्रश्न विचारतात. तुमच्यावर कधी ही वेळ आली तर मेडिकलची जुनी बिलं मोबाइलमध्ये चाळून मगच उत्तर द्या.

टेल्मिसार्टन मॅडमनी लगेच थांबवली. बीपी आधीच खाली, आणि तापलेल्या किडनीला ती त्रासदायक.

गुरुवारी सोनोग्राफी. उजवी किडनी सुजलेली, पण खडा नाही, लघवी तुंबलेली नाही. हे कळल्यावर मॅडमचा चेहरा सैल झाला. तुंबलं असतं तर नळी टाकून वाट मोकळी करावी लागली असती, नुसत्या औषधाने भागलं नसतं. सलाईनमुळे बीपी ११० पर्यंत आलं, उलट्या थांबल्या. ताप मात्र संध्याकाळी पुन्हा १०२.

त्याच दुपारी विम्याकडून क्वेरी आली. भाषा साधारण अशी: हे उपचार ओपीडीमध्ये गोळ्या देऊन का होऊ शकत नाहीत, याचं समर्थन द्या. म्हणजे माझाच प्रश्न, फक्त लेटरहेडवर! नवरा चिडला. पण इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की तापाच्या केसमध्ये हे नेहमी विचारतात, उत्तर कागदावर लागतं. डॉक्टरांच्या पत्रात ‘अशक्तपणा आणि ताप’ एवढंच गेलं तर अडतं. आमच्या पत्रात चार गोष्टी होत्या: दोनदा उलटी आणि तोंडावाटे औषध न टिकणं, दाखल होतानाचं बीपी आणि नाडी, वाढलेलं क्रिएटिनिन, आणि आधीच्या गोळीचा उपयोग न होणं. सोबत पहिल्या दिवसाचा व्हायटल्सचा चार्ट. रात्री नऊला प्राथमिक मंजुरी आली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. कल्चरचा रिपोर्ट यायला पूर्ण ४८ तास लागले. पहिल्या दिवशी ‘वाढ दिसतेय’ एवढंच कळलं होतं. जंतू ई. कोलाय, बहुतेकांना होतो तोच, कॉलनी काउंट एक लाखाच्या वर. खाली मोठ्या अक्षरांत ईएसबीएल. म्हणजे हा जंतू असं एक एन्झाइम तयार करतो की सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या कुळातली औषधं तो फोडून टाकतो. माझी तीन दिवसांची गोळी आणि दोन दिवसांची सुई, दोन्ही फुकट गेली होती. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढेही ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट.

‘एस’ म्हणजे चालणाऱ्या औषधांत मेरोपेनेम, अर्टापेनेम, अमिकासिन ही इंजेक्शनं होती. आणि तीन नावं मी गुगल करून शोधली, ती तोंडाने घ्यायची: नायट्रोफ्युरँटोइन, फॉस्फोमायसिन, को-ट्रायमॉक्साझोल. मला वाटलं, झालं, आता घरी. नायट्रोफ्युरँटोइनपुढचा आकडा तर कसला छान दिसत होता.

मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी रिपोर्ट तयार ठेवला होता. त्यांनी पेनने पहिली दोन नावं खोडली. ‘ही दोन मूत्राशयाची औषधं. लघवीत भरपूर उतरतात, म्हणून जळजळीपुरतं इन्फेक्शन असेल तर उत्तम. पण किडनीच्या मांसात आणि रक्तात पुरेशी पोचत नाहीत. लॅबला माहीत नसतं तुमचा जंतू कुठे बसलाय. ती फक्त काचेच्या ताटलीतलं सांगते.’ आणि औषधांसमोरचे आकडे, म्हणजे जंतू रोखायला किती औषध लागतं ते, एकमेकांशी ताडायचे नसतात. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी, लहान आकडा म्हणजे जास्त चांगलं औषध असं नाही. हे मला माहीत नव्हतं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही कोणाला माहीत नव्हतं, पण सल्ला सगळे देत होते.

मग उरलं को-ट्रायमॉक्साझोल. हे जुनं, स्वस्त औषध. गोळी पोटातून जवळजवळ सगळी शोषली जाते आणि किडनीपर्यंत पोचते. मी म्हटलं, मग आजच द्या. त्यांचं म्हणणं होतं की ताप १०२ आहे, परवापर्यंत बीपी खाली होतं, आणि आतापर्यंत एकही लागू पडणारं औषध गेलेलं नाही. अशा वेळी खात्रीचं इंजेक्शन देऊन आधी आजार उतरणीला लावायचा, आणि ताप गेला, जेवण जाऊ लागलं की गोळीवर यायचं. इंजेक्शन अर्टापेनेम, एक ग्रॅम, दिवसातून एकदा, अर्ध्या तासात शिरेतून. अमिकासिन स्वस्त पडलं असतं, पण ते किडनीला त्रास देऊ शकतं आणि माझं क्रिएटिनिन अजून १.१ होतं. अर्टापेनेमची एक व्हायल मला २,३०० रुपयांना पडली.

मॅडमनी माझ्या फाइलवर तारखेभोवती गोल केला. ‘आजचा दिवस पहिला.’

शनिवारी संध्याकाळी ताप १००.४. रविवारी दिवसभर ताप नाही. त्या दुपारी मी आमटी-भात मागून घेतला. बुधवारपासून पहिल्यांदा काही खावंसं वाटलं होतं. डाव्या हाताची शीर मात्र सुजून दोरीसारखी कडक झाली होती, सुई दुसऱ्या हाताला लावावी लागली. सुया उगाच लांबवू नयेत याचं हे एक साधं कारण. ब्लड कल्चरमध्येही काही वाढलं नव्हतं.

रविवारी डॉक्टरांनी दोन पर्याय ठेवले. एक, घरी जाऊन रोज जवळच्या नर्सिंग होममध्ये अर्टापेनेम घ्यायचं, दिवसातून एकदाच असल्याने ते जमतं. दोन, गोळी. चालणारी गोळी नसती किंवा को-ट्रायमॉक्साझोलमध्ये असतं त्या सल्फाची अ‍ॅलर्जी असती तर पहिलाच पर्याय उरला असता. मला अ‍ॅलर्जी नव्हती. तरीही मॅडमनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून खात्री केली: पूर्वी सल्फाने अंगावर पुरळ, तोंडात फोड, ओठ सुजणं?

सोमवारी, १७ तारखेला सकाळी, को-ट्रायमॉक्साझोल डीएसची पहिली गोळी हॉस्पिटलातच, नाश्त्यानंतर. दोन तास थांबून बघितलं, पोटात टिकली. मग डिस्चार्जची प्रक्रिया सुरू झाली आणि इथे गोंधळ झाला.

डिस्चार्जच्या कागदावर निवासी डॉक्टरांनी लिहिलं होतं: गोळी दिवसातून दोनदा, १४ दिवस. मला मॅडमचा गोल आठवत होता. शिवाय भेटायला आलेले भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, चौदाच बरोबर. मलाही चौदा दिवसच दिलं होतं. कोर्स अर्धवट सोडला की उलटतं.’ मी सिस्टरांना म्हटलं, मॅडमना विचारल्याशिवाय मी सही करत नाही. तीन तास थांबावं लागलं.

मॅडम आल्या आणि माझ्याच कॅलेंडरवर मोजून दाखवलं. बुधवार-गुरुवारचं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मोजायचं नाही, कारण जंतू त्याला दाद देत नव्हता. त्याआधीची सेफिक्झिम तर नाहीच. मोजणी सुरू १४ तारखेपासून, पहिल्या लागू पडलेल्या औषधापासून. १४, १५, १६ इंजेक्शन; १७, १८, १९, २० गोळी. सात दिवस. इंजेक्शनचे दिवस आणि गोळीचे दिवस एकाच हिशोबात. गोळी सुरू झाली म्हणून पाटी पुन्हा कोरी होत नाही. म्हणजे चार दिवसांच्या आठ गोळ्या, त्यातली एक पोटात गेलेली.

चौदाचं काय मग? त्यांनी सांगितलं की पूर्वी सरसकट दोन आठवडे देत, ती सवय कागदांमध्ये राहून गेली आहे. स्वीडनमध्ये किडनीच्या इन्फेक्शनवर बायकांमध्ये सात आणि चौदा दिवस अशी थेट तुलना झाली, ती २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. बऱ्या झालेल्यांचं प्रमाण सात दिवसांत ९७ टक्के, चौदा दिवसांत ९६. ते सिप्रोफ्लॉक्सासिनवर होतं. को-ट्रायमॉक्साझोलसाठी एवढा पक्का पुरावा नाही, पण सात दिवस पुरतात असं दाखवणारे अभ्यास आहेत, आणि अलीकडच्या मार्गदर्शक सूचनाही, रुग्ण सुधारत असेल तर, सात दिवसांच्याच आसपास येतात. सात हे माझ्यासाठी का चाललं, तर लागू औषध मिळाल्यावर दोन दिवसांत ताप गेला, खडा नव्हता, गळू नव्हतं. ताप ७२ तासांनंतरही राहिला असता तर दिवस वाढवण्याआधी सीटी स्कॅन करून आत काय अडलंय ते बघितलं असतं.

आणि भाऊजींचं? त्यांना तापासोबत प्रोस्टेटचंही इन्फेक्शन होतं. तिथे औषध सहज शिरत नाही, म्हणून पुरुषांना अशा वेळी जास्त दिवस लागतात. त्यांचे चौदा त्यांच्यासाठी बरोबर होते. भाऊजी यावर काही बोलले नाहीत, चहा मागितला.

कागद बदलून घेतला. तो बदलून घ्याच, कारण विम्याला आणि पुढच्या डॉक्टरांना तोच दिसतो. त्यावर पहिल्या लागू डोसची तारीख आणि शेवटच्या गोळीची तारीख लिहून मागितली. फाइल विम्याकडे गेल्यापासून अंतिम मंजुरीला साडेपाच तास. बिल ६१,३४०, मंजूर ५४,१२०, खिशातून ७,२२०. कापलं ते बहुतेक हातमोजे, सिरिंज, कॉटन अशा किरकोळ वस्तूंचं. आणि को-ट्रायमॉक्साझोलची अख्खी पट्टी पंचवीस रुपयांच्या आत. एका अर्टापेनेमच्या पैशात किती पट्ट्या आल्या असत्या, हा हिशोब नवऱ्याने रिक्षात केला.

आता टेल्मिसार्टन. डिस्चार्जच्या वेळी मॅडमनी बजावलं: ही गोळी आणि को-ट्रायमॉक्साझोल दोन्ही रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. एकत्र घेतली, त्यात किडनी दुखावलेली, तर ते धोकादायक पातळीला जाऊ शकतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आधी काही कळतही नाही. त्यामुळे गोळ्या संपेपर्यंत टेल्मिसार्टन बंदच, नारळपाणी बंद, आणि बुधवारी १९ तारखेला पोटॅशियम-क्रिएटिनिनची तपासणी. लोकांनी प्रेमाने आणलेली सहा शहाळी फ्रीजमध्ये होती. ती मुलीने प्यायली. तपासणीला ४५० रुपये. पोटॅशियम ४.१ वरून ४.९, क्रिएटिनिन १.०. हे औषध क्रिएटिनिनचा आकडा किंचित वर दाखवू शकतं, किडनी बिघडलेली नसतानाही, हे आधी सांगितलं असल्यामुळे मी घाबरले नाही. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी हे औषध लिहून देणाऱ्याला तिचं नाव आठवणीने सांगा. विचारायची वाट बघू नका.

गोळीने तोंडाला चव नव्हती, मळमळ होती, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतली की कमी व्हायची. २० तारखेला रात्री शेवटची. २१ला टेल्मिसार्टन परत सुरू, त्या सकाळी बीपी १३८/८६.

२४ला फॉलोअप. मी म्हटलं, कल्चर परत करून खात्री करू. मॅडम नको म्हणाल्या. जळजळ नाही, ताप नाही, तर तपासायचं नाही. त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तरी औषध द्यायचं नसतं (गरोदरपणासारखे अपवाद सोडून), आणि रिपोर्ट हातात आला की कुणीतरी औषध देतंच. दोन आठवड्यांत ताप किंवा दुखणं परत आलं तर मात्र आधी कल्चर, मगच गोळी.

बाकी विम्याचं एक राहिलं होतं. दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांतला आणि घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांतला त्याच आजाराचा खर्च माझ्या पॉलिसीत मिळतो, तो वेगळा मागावा लागतो. १९ची तपासणी, फॉलोअपची फी, गोळ्या, सगळ्यांची मूळ बिलं आणि प्रत्येकाला जोडलेलं प्रिस्क्रिप्शन असं २ डिसेंबरला दिलं. १९ डिसेंबरला १,४१० रुपये जमा झाले. सुरुवातीच्या सेफिक्झिमचे पैसे मिळाले नाहीत: ती फोनवर सांगितलेली, कागदच नव्हता.

थकवा तीन आठवडे राहिला. ८ डिसेंबरपासून बँकेत अर्धा दिवस जाऊ लागले. पट्टीत दोन गोळ्या उरल्या होत्या, त्या मेडिकलवाल्याने परत घेतल्या नाहीत.